खणात राहिलेलं पहिलं पत्र

माझ्याजवळ एका पत्राची कार्बन प्रत आहे. पत्र मीच लिहिलं, मीच टाईप करून घेतलं, आणि पाठवलं नाही. त्याच्या जागी दुसरं पाठवलं. ते दुसरं पत्र कारखान्याच्या फायलीत रीतसर लागलं आणि पुढं सगळे म्हणाले की त्या पत्रामुळं मी सुटलो. मी सुटलो की नाही हे मला अजून ठरवता आलेलं नाही, म्हणून लिहायला बसलोय.

एकोणीसशे सत्तरनंतरची ती वर्षं. सोलापुरात शहराबाहेर आमचा शेतीअवजारांचा कारखाना होता. कोळपी, कडबा कापायची यंत्रं, असं काय काय तिथं व्हायचं. मालक स्वतः शेतकऱ्याच्या घरातले, दक्षिणेकडच्या एका गावातले, घरात कानडी आणि बाहेर मराठी बोलणारे. त्यांनी ज्वारीचं मळणी यंत्र काढायचं मनावर घेतलं, आणि ते काम बघायला मला नेमलं. हुद्दा दिला ‘प्रॉडक्ट मॅनेजर’. शुक्रवार पेठेतल्या आमच्या गल्लीत हा हुद्दा कुणालाच कळत नव्हता. शेजारचे विचारायचे, म्हणजे तुम्ही यंत्र बनवता का? नाही. मग विकता का? तेही नाही. बनवणारे आणि विकणारे यांच्या मध्ये उभं राहून मी दोघांची बोलणी खातो, असं मी सांगायचो. लोक हसायचे. मलाही तेव्हा ते विनोदी वाटायचं.

यंत्र तसं साधं होतं. लोखंडी पेटीत एक ड्रम, ड्रमला दाते. वरच्या अंगाला पत्र्याची पन्हळ. बाईनं पन्हळीत कणसं सारायची, ती घसरत ड्रमपाशी जायची, दाते ती झोडपायचे, दाणे जाळीतून खाली पडायचे, पंखा भूस उडवून द्यायचा. डिझेल इंजिनाच्या पट्ट्यावर ड्रम फिरायचा. खळ्यावर बैलांची पात गोल गोल हाकून जे काम आठ दिवस चालायचं ते दीड दिवसात उरकायचं. पहिल्यांदा ते चालू झालं तेव्हा मालक दाण्यांच्या धारेखाली ओंजळ धरून उभे होते, आणि त्यांच्या चेहऱ्याकडं बघून मला माझ्या नोकरीचा फार अभिमान वाटला.

जानेवारीत आम्ही कारखान्याच्या अंगणात चाचण्या घेतल्या. लवकर निघालेल्या रानातली कणसं ट्रकनं आणली होती. दाणा किती फुटतो, कणसात किती राहतो, भुसाबरोबर किती उडून जातो, बेअरिंग किती तापतं, सगळं वहीत लिहिलं. कणसं घालायला आमचेच दोन कामगार होते. सगळं व्यवस्थित पार पडलं. आता पायलट करायचा, असं ठरलं. म्हणजे पाच गावांत पाच यंत्रं एक हंगाम वापरायला द्यायची, ती कशी चालतात ते बघायचं, आणि मगच शेकड्यानं बनवायला घ्यायची. पहिलं गाव मंद्रूप.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला नमुन्याचं यंत्र घेऊन मी आणि आमचे मिस्त्री एक दिवसासाठी मंद्रूपला गेलो. यंत्राची पेटी मिस्त्रींच्या हातची होती. खळं सारवून लख्ख केलेलं, मध्ये कणसांचा ढीग. मी तरातरा खळ्यात शिरलो, तर कणसं मोडणाऱ्या बायकांतली एक, चाळिशीची, काटक, मला म्हणाली, “साहेब, चपला काढा की. खळं हाय ह्ये.”

मी ओशाळून चपला काढल्या. खळ्यावर चपला घालून जात नाहीत, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. आजोळी मीही अनवाणीच खळ्यावर खेळलो होतो. पण कारखान्याच्या कामाला आलो म्हणजे जणू मी दुसऱ्या कुठल्या देशातून आलो, असा माझा तेव्हा समज होता. मिस्त्रींनी मात्र आमच्या गाडीतून उतरतानाच बूट काढून ठेवले होते.

त्याच बाईनं कणसं घालायचं काम घेतलं. इंजिन सुरू झालं. अर्ध्या तासात यंत्राभोवती दाणे सांडले, कारण दाणे सांडतातच. सारवलेली गुळगुळीत जमीन, तिच्यावर पसरलेली ज्वारी आणि त्यावर अनवाणी पाय. ओंजळभर कणसं रेटायला ती पुढं झुकली आणि तिचा पाय सरकला. ती पन्हळीवर पोटावर पडली. उजवा हात पन्हळीत कोपराच्या वर गेला. मी जागचा हललो नाही. मिस्त्रींनी तिला कमरेला धरून मागं ओढलं. तिची मूठ आत वळलेली होती, म्हणून दोन बांगड्याच ड्रमला लागून फुटल्या, पण तिला काही झालं नाही.

“घाबरला व्हय साहेब?” ती हसत म्हणाली. “बांगड्या काय, बाजारात मिळत्यात की.”

मी इंजिन बंद करायला लावलं. पट्टा उतरवला तरी ड्रम फिरतच राहिला. जड असतो तो, त्याला थांबायला वेळ लागतो. मी तिथं उभा राहून मनातल्या मनात आकडे मोजत होतो, आणि त्या मोजण्यातच मला सगळं कळलं. आमच्या अंगणातल्या चाचण्या सिमेंटच्या फरशीवर झाल्या होत्या. आमच्या कामगारांच्या पायांत रबरी तळाचे बूट होते. सांडलेले दाणे मोजायचे असायचे, म्हणून दर अर्ध्या तासाला आम्ही फरशी झाडून घेत होतो. आमच्याकडं कुणाचा पाय सरकणं शक्यच नव्हतं. आणि पन्हळ आखूड होती. यंत्र बैलगाडीत बसावं म्हणून मिस्त्रींनी ती आखूड केली होती आणि मीच ती मान्य केली होती.

परतताना मिस्त्री गाडीत एवढंच बोलले, “पन्हळ हातापेक्षा लांब पायजे. आणि वरनं झाकलेली.”

रविवारी सकाळी मी घरी पत्र लिहायला बसलो. मराठीत लिहिलं, कारण मनातलं मराठीतच येत होतं. सोमवारी ऑफिसच्या मराठी टाइपरायटरवर ते टाईप करून घेतलं. टाईप करणारी मुलगी विणकरांच्या घरातली, घरी तेलुगू बोलणारी, त्यांच्या कुटुंबातली ऑफिसात नोकरी करणारी पहिलीच. मजकुरावर ती कधी काही बोलायची नाही. ते पत्र असं होतं:

‘मालकांस आणि संचालकांस. आपल्या यंत्रानं दाणा चांगला निघतो, याबद्दल शंका नाही. पण आपण यंत्राची चाचणी घेतली, खळ्याची घेतली नाही. खळ्यावर माणसं अनवाणी असतात. सांडलेल्या ज्वारीवर पाय सरकतो. पन्हळ आखूड असल्यामुळं पुढं पडणाऱ्याचा हात ड्रमपर्यंत पोचतो. मंद्रूपला तो पोचला होता, थोडक्यात निभावलं. पट्टा उतरवल्यावरही ड्रम लगेच थांबत नाही. यंत्र असंच दिलं, तर कुणाचा तरी हात जाईल. आज नाही तर आठ दिवसांनी जाईल. म्हणून या हंगामात पायलट करू नये. उरलेला हंगाम आपलीच माणसं, अनवाणी, खऱ्या खळ्यावर उभी करून चाचणी घ्यावी. पन्हळ हातापेक्षा लांब आणि वरून झाकलेली करावी. उभं राहायला लाकडी पट्ट्यांची फळी द्यावी. पट्टा उतरवायचा दांडा कणसं घालणाऱ्याच्या हाताशी आणावा. मोठ्यातला मोठा माणूस पन्हळीत पालथा पडला तरी हात ड्रमला लागत नाही, हे दिसलं की मगच पुढं जावं. यात एक वर्ष जाईल, हे मला माहीत आहे.’

आज वाचताना वाटतं की माझ्या सगळ्या नोकरीत मी इतकं नीट दुसरं काही लिहिलं नाही.

टाईप झालेला कागद घेऊन मी टेबलाशी बसलो, आणि मला भीती वाटायला लागली. भीती कसली, ते आता सरळ सांगतो. विक्रीचं सगळं मालकांचे जावई बघत. ते पुण्यात शिकलेले, झटपट बोलणारे होते. मागं एकदा मी बेअरिंगचा प्रश्न काढला तर बैठकीत म्हणाले होते, “आमचे प्रॉडक्ट मॅनेजर यंत्राला दृष्ट लागेल म्हणून घाबरतात.” सगळे हसले होते. तो हशा माझ्या कानांतून गेला नव्हता. त्यात हे पत्र. ‘हात जाईल’ हे एखाद्या घाबरट बाईचं बोलणं वाटेल. आणि ‘अनवाणी’? संचालकांना लिहिलेल्या पत्रात अनवाणी पाय, चपला, सारवण? पंजाबातनं यंत्रं येऊ घातली आहेत, आणि हा माणूस चपलांबद्दल लिहितोय, असं ते म्हणतील. शिवाय आखूड पन्हळीचा दोष मिस्त्रींवर येईल. मिस्त्रींची काळजी खरी होती. पण ती मी पुढं केली, माझी स्वतःची भीती तिच्या मागं लपवायला.

मग मी नवं पत्र लिहिलं, इंग्रजीत. मोठ्या माणसांना लिहायची पत्रं आमच्याकडं इंग्रजीतच असायची. त्याचा मतलब असा होता: क्षेत्र-भेटीत ऑपरेटरच्या सुरक्षिततेसंबंधी काही निरीक्षणं आढळली आहेत. फीडिंग व्यवस्थेत काही सुधारणा इष्ट ठरतील. तरी चाचणीचा टप्पा सहा आठवड्यांनी वाढवण्याचा विचार व्हावा, ही विनंती.

वर्ष गाळलं आणि सहा आठवडे लिहिले, कारण एक वर्ष मागायची हिंमत नव्हती. सहा आठवड्यांत हंगाम आपोआप संपेल आणि तेही कुणाच्या नीट लक्षात येणार नाही, असा माझा हिशोब. किती हुशार होतो मी.

टाईप करणाऱ्या मुलीनं दुसरं पत्र मशीनमधून काढलं, दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि पहिल्यांदाच मजकुरावर बोलली, “सर, पहिलं बरं होतं.”

“ते तसं चालत नाही,” मी म्हणालो. “तुला नाही कळायचं.”

पहिल्याची मूळ प्रत मी फाडली. कार्बन तिनं माझ्या खणात ठेवून दिली, ते मला नंतर कळलं.

तीन दिवसांनी मालकांनी बोलावलं. त्यांच्या खोलीत जावई आधीच बसले होते. माझं पत्र टेबलावर होतं.

“सहा आठवडे म्हणजे हंगाम गेला,” जावई म्हणाले. त्यांच्या बरोब्बर लक्षात आलं होतं. “पाच गावांना शब्द दिलाय. आणि कारण काय, तर काही निरीक्षणं.”

मालकांनी चष्मा काढला. माझ्याकडं बघून म्हणाले, “अडचण काय हाय नेमकी? सांग की.”

ते मला अजून दिसतं. खोलीत पंखा फिरत होता, मालक खरंच विचारत होते, आणि त्यांना उत्तर हवं होतं. मला फक्त म्हणायचं होतं, ‘मालक, खळ्यावर पाय सरकतो.’ चार शब्द. शेतकऱ्याच्या घरातला माणूस समोर बसला होता. पण जावयांच्या ओठांच्या कोपऱ्यात ते हसू होतं, आणि मी म्हणालो, “ऑपरेटर सेफ्टीचे काही मुद्दे आहेत.”

“मग ट्रेनिंग देऊ ऑपरेटरला,” जावई म्हणाले. “यंत्राला कशाला थांबवायचं?”

मालक जरा वेळ थांबले. मी आणखी काही बोलेन, याची वाट बघत असावेत. मी टेबलावरच्या पत्राकडं बघत राहिलो.

“पंधरा दिवस घे,” ते म्हणाले. “साकु. पुरे झालं तेवढं.”

त्या पंधरा दिवसांत मी आणि मिस्त्री नीट जेवलोही नसू. मिस्त्रींनी नवी पन्हळ केली, हातापेक्षा लांब, वरून झाकलेली. बसवली, तर कणसं मध्येच अडकायला लागली. लांब पन्हळीला उतार जास्त हवा, उतार वाढवला तर तोंड इतकं वर जातं की बाईचा हात पुरत नाही. मग उभं राहायला चौथरा हवा. चौथरा केला तर तो हलतो. एक सोडवलं की दुसरं पुढं उभं राहायचं. सगळं सुटण्यासारखं होतं. चाचणी म्हणतात ती हीच, पण तिला दिवस लागतात. आणि अडकलेली कणसं आत हात घालून ढकलायची सवय लागली, तर पहिल्यापेक्षा वाईट. अर्धवट पन्हळ मी कुठल्या तोंडानं पाठवणार होतो?

बाराव्या दिवशी मिस्त्री म्हणाले, “अजून महिनाभर मिळाला तर जमतंय. तुमी मालकांशी बोला.”

मी मालकांच्या खोलीपर्यंत गेलो. ते बाहेरगावी गेले होते. मला हायसं वाटलं. होय, हायसं वाटलं. जावयांना विचारलं, ते म्हणाले, “पंधरा दिवस दिले होते ना?”

यंत्रं बाहेर पडायच्या आधी एका कागदावर माझी सही लागायची. त्यावर छापलेलं असायचं: चाचणी पूर्ण. सोळाव्या दिवशी सकाळी तो कागद माझ्यासमोर आला आणि मी सही केली. यंत्रांना जुनीच आखूड पन्हळ होती. सही करताना स्वतःला सांगितलं की मी स्वतः मंद्रूपला जाऊन यंत्रापाशी उभा राहीन. एक माणूस पाच गावांत कसा उभा राहणार होता, हे मी स्वतःला विचारलं नाही.

मंद्रूपला चार दिवस मी उभा राहिलो. रोज पहाटेच्या एसटीनं जायचो. यंत्राच्या पायाशी पोती अंथरली. खळ्याच्या मालकानं दुपारी ती गुंडाळून ठेवली. “दाणं अडकत्यात त्यात साहेब, वाया जात्यात.” मी फळी टाकली. ती हलत होती, बायकांनी ती बाजूला करून तिच्यावर पाण्याची घागर ठेवली. शेवटी मी कणसं घालणाऱ्या त्या बाईला म्हणालो, “मावशी, निदान तुम्ही तरी चपला घाला. यंत्रापाशी चालतं.”

तिनं माझ्याकडं असं बघितलं जसं मी तिला देवघरात थुंकायला सांगितलं असावं. “खळ्यावर? रासंला पाय लागंल त्याचा. न्हाय साहेब, तसलं सांगू नगा.”

मग मी खराटा घेतला आणि तिच्या पायांभोवतीचे दाणे स्वतः झाडायला लागलो. चार दिवस झाडत होतो. बायका हसायच्या. “साहेबाला कारखान्यात ह्येच काम हाय व्हय?” ती बाई हसून म्हणायची, “झाडू दे गं, बरं झाडतोय.” मला वाटत होतं, हंगामभर असं झाडत राहीन. जे पत्रात लिहिलं नाही ते खराट्यानं भरून काढीन.

पाचव्या दिवशी माळशिरसहून निरोप आला की तिथल्या यंत्राचा पट्टा सारखा उतरतोय, लगेच या. जिल्ह्याच्या त्या टोकाला जायचं म्हणजे अख्खा दिवस जाणार होता. निघण्याआधी मी खळ्याच्या मालकाच्या हातात खराटा दिला, आणि सांगितलं की दर अर्ध्या तासाला झाडून घ्या. तो “व्हय व्हय” म्हणाला. मळणी ऐन भरात आली होती. त्याला कुठला वेळ?

दुसऱ्या दिवशी सकाळी माळशिरसहून परतलो तेव्हा मिस्त्री स्टँडवर माझी वाट बघत उभे होते. त्यांनी काही सांगायच्या आधीच मला समजलं. “कोण?” एवढंच विचारलं. त्यांनी उजवा हात मनगटापासून धरून दाखवला आणि मान फिरवली.

सरकारी दवाखान्यात ती खाटेवर उताणी पडली होती. उजव्या हाताला भलं मोठं बँडेज, आणि ते मनगटाशीच संपत होतं. नवरा जमिनीवर भिंतीला टेकून बसला होता. मी आलो तरी तो उठला नाही. मला वाटलं होतं ती मला शिव्या देईल. तेवढ्यासाठीच तर मी गेलो होतो. ती माझ्याकडं बघून म्हणाली, “साहेब, रास उचलली का वो?”

मी खाटेचा दांडा धरला.

“मी पडल्याव समदी थांबली असतील की,” ती म्हणाली. “अर्धं खळं राहिलं हुतं.”

मी बाहेर व्हरांड्यात येऊन खांबाला धरून रडलो. माझ्याबरोबर आलेले मिस्त्री तिथंच उभे होते. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला नाही, आणि ते मला बरोबरच वाटलं.

ऑफिसात मात्र माझ्या पाठीवर हात ठेवायला माणसं पुढं आली. माझं पत्र फायलीतून निघालं. बघा, ह्यांनी आधीच लिहिलं होतं. ह्यांनी सहा आठवडे मागितले होते. ‘चाचणी पूर्ण’वरच्या सहीबद्दलही म्हणाले की वरून हुकूम होता, ह्यांचा काय दोष. जावईसुद्धा नजर चुकवून म्हणाले, “तुमचा मुद्दा रास्त होता.” मला त्यांचाही राग करता येईना. त्यांनी जे वाचलं त्यावर ठरवलं होतं, आणि त्यांना वाचायला काय द्यायचं ते मी ठरवलं होतं.

मालक बाहेरगावाहून आले ते घरी न जाता मंद्रूपला निघाले. मला गाडीत घेतलं. खळ्यापाशी गाडी थांबली, आणि ते उतरले. खळ्याच्या कडेला आल्यावर त्यांनी खाली न बघता एका पायानं दुसऱ्या पायातला पंप शू सरकवला, मग दुसरा, आणि अनवाणी पायांनी आत गेले. त्यांना आपण बूट काढले, हे कळलंही नसेल. यंत्र बंद होतं. भोवतीचे दाणे तसेच पडलेले. तिथल्या जमिनीवरचे रक्ताचे डाग कुणीतरी माती टाकून झाकले होते. मालक पन्हळीपाशी गेले, कणसं घालायला झुकतात तसे झुकले, आणि त्यांचा पाय सरकला. त्यांनी पेटीला धरलं.

तसेच धरून ते बराच वेळ उभे राहिले. मग आपल्या पायांकडं बघितलं. मग खळ्याच्या कडेला पडलेल्या आपल्या बुटांकडं.

“हे पत्रात कुठं हुतं?” ते म्हणाले.

“नव्हतं, मालक.”

“का नव्हतं?”

मी खरं सांगितलं. “लिहिलं होतं. मग काढून टाकलं. अनवाणी पायांबद्दल तुम्हाला काय लिहायचं, असं वाटलं.”

मालक माझ्यावर ओरडले नाहीत. हळूच म्हणाले, “मला नाही लिहायचं तर कुणाला? माझा जन्म खळ्यावर गेला की रे. एक ओळ लिहितास. एक ओळ.” आणि ते खळ्याबाहेर जाऊन, बूट हातात घेऊन, अनवाणीच गाडीत बसले.

त्याच दिवशी पाचही यंत्रं परत मागवली. त्या बाईच्या घराचं काय करायचं ते मालकांनी स्वतः जाऊन केलं, त्याबद्दल मी इथं लिहीत नाही. मी राजीनामा दिला. त्यांनी तो घेतला नाही. म्हणाले, पहिल्या पत्रात जे जे होतं ते सगळं कर, आणि मग कुठं जायचं तिथं जा. मला एक वर्ष मिळालं. मागायला घाबरलो होतो तेच, पूर्ण एक वर्ष.

खण साफ करताना कार्बन सापडली. टाईप करणाऱ्या मुलीला विचारलं, का ठेवलीस? ती म्हणाली, “लागेल असं वाटलं होतं, सर. वेळेवर.”

त्या वर्षात मी आणि मिस्त्री खळ्यांवर अनवाणी उभे राहिलो. मी स्वतः पन्हळीत पालथा पडलो, किती वेळा ते आठवत नाही. उतार जमला, चौथरा जमला, दांडा हाताशी आला. पुढच्या फेब्रुवारीत यंत्र पुन्हा मंद्रूपला नेलं. त्याच खळ्यावर.

ती आली होती. पदराखाली उजवा हात झाकून बायकांच्या मागं उभी. मी तिच्याकडं बघायचं टाळत होतो. इंजिन अजून सुरू व्हायचं होतं. ती पुढं आली, यंत्राभोवती एक फेरी मारली, लाकडी चौथऱ्यावर पाय रोवून चढली, आणि तिनं डावा हात नव्या पन्हळीत घातला. मनगटापर्यंत, कोपरापर्यंत, मग खांद्यापर्यंत. गाल पत्र्याला टेकवून ती आत बोटं चाचपत राहिली.

“पोचत न्हाय,” ती म्हणाली.

मग हात बाहेर काढून, पत्र्यावरची धूळ लुगड्याला पुसत तिनं मला विचारलं, “ह्येच आदी का न्हाई आणलं, साहेब?”

तिच्या आवाजात राग नव्हता. उत्तर माझ्या खिशात होतं, चार घड्या घातलेलं. ती वाट बघत उभी राहिली. मी मिस्त्रींना इंजिन सुरू करायला सांगितलं.